चौघांच्या नोंदी, एक अहवाल: जोडताना या चुका टाळा

जलसंधारणाचं काम करणाऱ्या एखाद्या संस्थेचा ऑक्टोबर ते डिसेंबरचा अहवाल घ्या. चार कार्यकर्त्यांच्या नोंदी येतात. एकाने गावनिहाय लिहिलंय, दुसरीने तारखेनुसार, तिसऱ्याने कामानुसार, आणि चौथ्याचं सगळं व्हॉट्सअॅपवर. पहिली चूक इथेच होते: चारही मजकूर एकाखाली एक चिकटवायचे आणि मग वरून मथळे सारखे करत बसायचं. मथळे दिसायला सारखे होतात, पण एकाच बंधाऱ्याची माहिती तीन ठिकाणी विखुरलेली राहते.

आधी रिकामा सांगाडा करा. वाचणाऱ्याला काय शोधायचं आहे ते पाहून मांडणी ठरवा. निधी देणाऱ्याला बहुधा काम हवं असतं, म्हणून 'बंधारे', 'शेततळी', 'प्रशिक्षण' हे मुख्य मथळे आणि त्याखाली गावं. नोंदी या खणांत उचलून ठेवायच्या आणि प्रत्येकीपुढे कंसात लिहिणाऱ्याचं नाव नि तारीख ठेवायची. ही नावं शेवटच्या वाचनापर्यंत काढू नका, त्यांची गरज पुढे पडते.

काळ एकसारखा करताना माहिती बदलते

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. बंधाऱ्याच्या गाळाबद्दल तीन नोंदी आल्या आहेत:

- गाळ काढणे – ग्रामपंचायत
- गाळ काढायचं काम चालू आहे, थोडं राहिलंय
- गाळ काढला, ट्रॅक्टर पंचायतीचा

घाईत आपण तिन्हींचं मिळून 'गाळ काढण्यात आला' करून टाकतो. पण 'काढणे' हे झालेलं काम आहे की करायचं, हे त्या शब्दावरून कळतच नाही. आपल्याकडे नोंदवहीत दोन्ही असंच लिहितात. 'काढायचा होता' तर भूतकाळी दिसतं आणि सांगतं मात्र काम झालं नाही असं. म्हणून क्रियापद बदलण्याआधी स्थिती ठरवा: झालं, चालू आहे, की व्हायचं आहे.

त्यासाठी अहवालाची एक तारीख पक्की करा, समजा ३१ डिसेंबर. 'चालू आहे' ही नोंद ५ डिसेंबरची आणि 'काढला' ही २८ची असेल, तर विरोध नाहीच. काम मधल्या काळात पूर्ण झालं. '-णे'वाल्या नोंदीला तारीख नसेल तर लिहिणाऱ्याला फोन करा, अंदाज बांधू नका. आता ओळ होते: 'ग्रामपंचायतीने ट्रॅक्टर दिला, बंधाऱ्यातला गाळ काढला.' तीन स्थितींसाठी तीन साचे पुरतात: 'काढला', 'काढणे सुरू आहे', 'काढायचा आहे'. म्हणजे पूर्ण अहवाल एकाच काळात लिहायचा नाही; एका स्थितीला सगळीकडे एकच रूप द्यायचं.

'करण्यात आले' शक्यतो टाळा, असं माझं ठाम मत आहे. काम संस्थेने केलं की पंचायतीने, हे त्यात गडप होतं. आणि Find and Replace ने क्रियापदं बदलू नका. 'घेणे'च्या जागी सरसकट 'घेतले' घातलंत की 'बैठक घेतले' तयार होतं. बैठक 'घेतली', वर्ग 'घेतला', प्रशिक्षण 'घेतले': हे लिंग-वचन ओळ वाचूनच जुळवावं लागतं.

चिकटवलेल्या मजकुरातली गडबड

चिकटवताना मूळ फाइलचं रूप सोबत आणू नका. वर्डमध्ये Keep Text Only निवडा, गूगल डॉक्समध्ये Ctrl+Shift+V. मात्र यात तक्ते मोडतात, ते वेगळे आणा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मराठी मजकूर असा आणला तर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

नुसता ठळक केलेला मथळा हा मथळा नसतो. वर्डमध्ये View मधलं Navigation Pane उघडा. एखादा मथळा तिथे दिसला नाही, तर बहुधा त्याला Heading शैली लागलेली नाही. त्या ओळीवर जाऊन Ctrl+Alt+1 किंवा Ctrl+Alt+2 दाबा. बुलेटचंही तसंच: हाताने टाइप केलेला '-' किंवा '•' काढून ओळी निवडा आणि खऱ्या यादीची शैली द्या. ओळ लांबल्यावर दुसरी ओळ चिन्हाखाली सरकली, तर बहुधा तिथे हाताने दिलेलं चिन्हच आहे. बुलेटच्या शेवटी पूर्णविराम द्यायचा की नाही, आणि आकडे '१२' की '12', हे सुरुवातीलाच ठरवा.

शेवटी दुहेरी नोंदी तपासा. एकाच प्रशिक्षणाला एकीने ४० महिला लिहिल्या आणि दुसऱ्याने ३८, तर दोन प्रशिक्षणं धरू नका आणि ३९ही करू नका. हजेरीपट मागवा. तो येईपर्यंत त्या आकड्यावर कॉमेंट टाकून दोघांची नावं लिहून ठेवा.