जर्मनीतल्या नोकरीला मेल धाडण्याआधी: व्हिसाचा परिच्छेद आणि रुजू होण्याची तारीख

ही यादी एकाच प्रकारच्या अर्जासाठी आहे. समजा तुम्ही डोंबिवलीला राहता, मुंबई विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्सची बी.ई. केली आहे, ऐरोलीतल्या एका कंपनीत सहा वर्षं टेस्टिंग करताय आणि श्टुटगार्टजवळच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीची जाहिरात तुम्हाला जुळते आहे. तिथे तुमच्या कामाबद्दल लिहायला तुम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. अर्ज अडतो तो शेवटच्या दोन परिच्छेदांत, म्हणजे व्हिसा आणि स्थलांतर या विषयांवर. म्हणून तयारीही तिथूनच सुरू करा.

सगळ्यात आधी ‘मला व्हिसा स्पॉन्सरशिप लागेल’ हे वाक्य मसुद्यातून काढून टाका. ते इंग्लंडच्या अर्जात चालतं, कारण तिथे कंपनीकडे सरकारचा स्पॉन्सर परवाना असावा लागतो आणि परवानाधारक कंपन्यांची यादी सगळ्यांना पाहता येते. अमेरिकेच्या एच-वन-बीमध्ये तर कंपनीला तुमच्यासाठी सोडतीत उतरावं लागतं. जर्मनीत ब्लू कार्डासाठी, म्हणजे पदवीधर परदेशी कर्मचाऱ्याला तिथे राहून काम करायला मिळणाऱ्या परवान्यासाठी, कंपनीला असा कुठलाही स्पॉन्सर परवाना लागत नाही. कामाचा करार करायचा आणि नोकरीची माहिती देणारा एक सरकारी फॉर्म भरायचा, एवढंच कंपनीचं मुख्य काम. पण भारतातून कधीच कोणाला न घेतलेल्या कंपनीतल्या एचआरच्या बाईंना हे ठाऊक असेलच असं नाही. ‘स्पॉन्सरशिप’ वाचल्यावर त्यांना वकील, खर्च आणि अनेक महिन्यांची कटकट दिसते आणि अर्ज बाजूला पडतो. त्यामुळे आपल्याला काय हवंय यापेक्षा त्यांना नेमकं काय करावं लागेल, हे मेलमध्ये यायला हवं. जाहिरातीतच ‘युरोपात काम करण्याचा परवाना आधीपासून असणारेच’ अशी अट असेल, तर तो अर्ज सोडून पुढची जाहिरात बघा.

तुम्ही ब्लू कार्डाला पात्र आहात हे लिहिण्याआधी स्वतः तपासा. पहिली तपासणी पदवीची. anabin.kmk.org हे जर्मन सरकारी संकेतस्थळ उघडा आणि भारतातल्या संस्थांमध्ये तुमचं विद्यापीठ शोधा. इथे बरेच जण आपल्या कॉलेजचं नाव टाकतात, ते सापडत नाही आणि मग घाबरतात. पदवी कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं, म्हणून पदवी प्रमाणपत्रावर छापलेलंच नाव शोधा. विद्यापीठापुढे H+, म्हणजे मान्यताप्राप्त, असं दिसायला हवं. मग पदव्यांच्या भागात तुमच्या पदवीपुढे entspricht किंवा gleichwertig, म्हणजे जर्मन पदवीशी जुळणारी किंवा समकक्ष, यांपैकी एक शब्द आहे का, ते पाहा. दोन्ही पानं पीडीएफ करून ठेवा, पुढे व्हिसाच्या अर्जाला ती लागतातच. पदवी तिथे नसेल, तर ‘त्साब’ या जर्मन कार्यालयाकडून मूल्यांकनाचं पत्र मागवावं लागतं. त्याची फी 208 युरो आहे आणि वेळही जातो, तेव्हा मुलाखतीची वाट न पाहता अर्ज आत्ताच करा. मेलमध्ये मात्र ‘मूल्यांकनासाठी अर्ज केला आहे’ एवढंच खरं खरं लिहा.

दुसरी तपासणी पगाराची. ब्लू कार्डासाठी वर्षाच्या एकूण पगाराची किमान मर्यादा असते आणि ती दर जानेवारीला बदलते. 2025 साली ती 48,300 युरो होती. इंजिनिअर, आयटी, डॉक्टर अशा टंचाईच्या पेशांसाठी आणि नुकतीच पदवी घेतलेल्यांसाठी ती 43,759.80 युरो होती. मेल लिहाल त्या वर्षाचा आकडा पाहून घ्या. या दोन आकड्यांमध्ये एक व्यवहाराचा फरक आहे. पगार वरच्या मर्यादेपुढे असेल, तर जर्मनीच्या रोजगार कार्यालयाची वेगळी संमती लागत नाही. खालच्या मर्यादेवर लागते. अपेक्षित पगार लिहिताना हे लक्षात असू द्या, कारण जर्मन जाहिरातीत बहुतेक वेळा तो आकडा मागितलेला असतो आणि तो न देणं हे जाहिरात अर्धवट वाचल्यासारखं दिसतं.

आकडा काढताना सीटीसीला रुपये-युरोच्या दराने भागू नका. आपल्या सीटीसीत कंपनीचा पीएफचा वाटा असतो, ग्रॅच्युइटी असते, कधी विम्याचा हप्ताही असतो. तिकडचा ‘वार्षिक ब्रूटो’ म्हणजे कर आणि तुमच्या वाट्याची कपात होण्याआधीची रक्कम, पण कंपनीचा सामाजिक विम्यातला वाटा त्यात नसतो. त्या शहरात त्या कामाला काय मिळतं ते पाहून एकच आकडा लिहा. आपल्या उदाहरणात, जाहिरातींचा अंदाज घेऊन, मी 58,000 युरो लिहीन. तो वरच्या मर्यादेच्या पुरेसा वर आहे, त्यामुळे थोडी घासाघीस झाली तरी व्हिसाचं गणित मोडत नाही. आणि ही मर्यादा निश्चित पगारानेच गाठायची, ‘जमला तर बोनस’ त्यात धरायचा नाही.

आता तारीख. माझ्या मते सगळ्या मेलमध्ये हाच भाग सर्वात निष्काळजीपणे लिहिला जातो. जर्मन जाहिरातीत ‘लवकरात लवकर कधी रुजू व्हाल’ असं विचारलेलं असतं आणि आपली मंडळी भीतीपोटी ‘लगेच’ लिहून मोकळी होतात. ऐरोलीच्या नोकरीत नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड असताना ‘लगेच’ कसं शक्य आहे? तिकडे याची लाज बाळगायचं काहीच कारण नाही. जर्मनीतही तीन महिन्यांचे नोटीस पीरियड असतात, तिथल्या लोकांना त्यात नवल वाटत नाही. नवल वाटतं ते करार झाल्यावर तारीख पुढे ढकलणाऱ्या उमेदवाराचं.

तारीख टप्प्याटप्प्याने मोजून काढा. मेल मार्चच्या मध्याला गेला, मुलाखती एप्रिलमध्ये झाल्या आणि करार एप्रिलअखेर हातात आला असं धरा. आता राजीनामा कधी द्यायचा? करारावर सही झाल्या झाल्या दिला तर व्हिसा अडकल्यावर दोन्हीकडून जाल. व्हिसा शिक्क्यासह हातात येईपर्यंत थांबलात तर त्यापुढे नव्वद दिवस, म्हणजे कंपनीची वाट पाहण्याची हद्द. मधला मार्ग जर्मनीच्या जलद प्रक्रियेत आहे. त्यात कंपनी तुमच्याकडून अधिकारपत्र घेऊन आपल्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज करते. फी 411 युरो. तिथून पूर्वसंमती मिळाली, की वकिलातीने साधारण तीन आठवड्यांत भेटीची वेळ द्यायची आणि पूर्ण अर्ज आल्यावर पुढच्या तीन आठवड्यांत निर्णय द्यायचा असतो. पूर्वसंमती आली म्हणजे पदवी, पगार आणि करार तिथल्या अधिकाऱ्यांनी आधीच पाहिलेले असतात. राजीनामा त्या दिवशी द्या. ती जूनच्या पहिल्या आठवड्यात आली, तर नोटीस सप्टेंबरच्या सुरुवातीला संपते, व्हिसा दरम्यान होतो आणि घर आवरायला तीनेक आठवडे उरतात. रुजू होण्याची तारीख 1 ऑक्टोबर. जर्मन करार बहुधा महिन्याच्या एक तारखेपासून सुरू होतात, तेव्हा ‘ऑक्टोबरच्या मध्याला’ असं अधांतरी लिहू नका. अपॉइंटमेंट लेटर काढून नोटीस विकत घेण्याची सोय आहे का, तेही आजच वाचा. ‘एचआरशी बोलून बघतो’ यावर मेलमधली तारीख उभी करू नये.

एवढी तयारी झाली की परिच्छेद सहज लिहून होतो. मेल इंग्रजीतून किंवा जर्मनमधून जाईल, मजकूर असा असावा: ‘मी भारतीय नागरिक असून सध्या मुंबईजवळ राहतो. माझं विद्यापीठ आणि पदवी अनाबिनमध्ये मान्य आहेत, नोंदीची प्रत सोबत आहे. त्यामुळे या पदासाठी मी ब्लू कार्डाचा अर्ज करू शकतो. त्यासाठी आपल्याकडून करार आणि नोकरीची माहिती देणारा फॉर्म लागेल. स्पॉन्सर परवान्याची गरज नाही. जलद प्रक्रिया वापरल्यास 1 ऑक्टोबरला रुजू होऊ शकेन. माझी अपेक्षा वार्षिक 58,000 युरो आहे.’ बस. कलमांचे क्रमांक नकोत, सरकारी पानांच्या लिंका नकोत. हा परिच्छेद कामाच्या अनुभवानंतर, शेवटून दुसरा ठेवा. पहिल्या ओळीत व्हिसा आला तर तुम्ही आधी अडचण आणि मग इंजिनिअर दिसता. अजिबात लिहिला नाही, तर +91 नंबर पाहून त्यांना प्रश्न पडतोच आणि उत्तर ते स्वतःच ठरवतात.

स्थलांतराबद्दल दोन-तीन वाक्यं पुरेत. त्या शहरात येऊन राहणार आहात, भारतातून रिमोट काम मागत नाही, हे स्पष्ट लिहा. कुटुंब असेल तर तुमची तारीख त्यावर अवलंबून आहे का, एवढंच सांगा. पत्नी-मुलं मागाहून येणार असतील तर ‘सुरुवातीला एकटा येईन’ एवढं बास. (ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षा सक्तीची नाही आणि तिथे कामही करता येतं, पण ही माहिती घरच्यांसाठी आहे, एचआरसाठी नाही.) तिकीट, सामान, पहिल्या महिन्याचं घर यांचा खर्च पहिल्या मेलमध्ये मागू नका, ते बोलणं ऑफर आल्यावर करायचं. भाषा जितकी येते तितकीच लिहा. काळाघोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात ए-टू झालं असेल तर ‘ए-टू, बी-वन सुरू’ असं लिहा, ‘जर्मन उत्तम’ नको, कारण फोन जर्मनमधूनच येऊ शकतो.

जोडपत्रं एकाच पीडीएफमध्ये: सीव्ही, पदवी, अनाबिनची पानं, अनुभवपत्रं. आपल्या अनुभवपत्रांत बहुधा फक्त तारखा आणि हुद्दा असतो, जर्मन कंपनीला मात्र काम काय केलं हे वाचायची सवय असते. जुन्या मॅनेजरकडून कामाचं वर्णन करणारं एखादं पान मिळालं तर जरूर जोडा. पासपोर्ट, आधार, पॅन यांच्या प्रती आत्ता पाठवू नका, पहिल्या मेलवर कोणत्याही खऱ्या कंपनीला त्यांची गरज नसते. मात्र पासपोर्टची मुदत तपासा आणि संपत आली असेल तर ठाण्याच्या किंवा अंधेरीच्या केंद्रात नूतनीकरणाची वेळ घ्या. पदवीवरचं आणि पासपोर्टवरचं नाव वेगळं असेल, विशेषतः लग्नानंतर बदललं असेल, तर त्याचा कागद शोधून ठेवा.

विषयाच्या ओळीत पदाचं नाव, जाहिरातीचा संदर्भ क्रमांक आणि तुमचं नाव. मुंबई आणि जर्मनीत उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, म्हणून मार्चच्या मध्याला दुपारी दीड-दोनला पाठवलेला मेल त्यांना सकाळी नऊच्या सुमारास दिसतो. मेलखाली फोनची वेळ लिहा, पण त्या वेळी तुम्ही लोकलमध्ये नसाल अशीच. संध्याकाळी ऐरोलीहून ठाण्याला आणि तिथून डोंबिवलीला जाणाऱ्या माणसाने साडेसात ही वेळ देऊ नये. दुपारी तीन ते पाच द्या आणि त्या दोन तासांत ऑफिसातली एखादी मीटिंग रूम मोकळी मिळेल याची सोय करा.