प्रतिस्पर्ध्याने आपल्यासारखाच ट्रेडमार्क मागितला, तर हरकत कशी घ्यावी

कल्पना करा, सांगलीतला एक घरगुती मसाला उद्योग 2014 पासून 'आजोळघाट' नावाने माल विकतोय, पण नाव नोंदवलेलं नाही. आता दुसऱ्या कुणीतरी मसाल्यांसाठीच, म्हणजे वर्ग 30 मध्ये, 'आजोळघाटी'साठी अर्ज केला आणि तो 6 जानेवारी 2025 च्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आला. आपली नोंदणी नसली तरी हरकत घेता येते. कायद्यातल्या कलम 21 नुसार ती कुणीही घेऊ शकतो.

मुदत जाहिरातीच्या तारखेपासून चार महिने, म्हणजे इथे 6 मेपर्यंत. ती वाढवून मिळत नाही. जर्नल दर सोमवारी निघतं, तेव्हा आपल्या वर्गाची पानं दर आठवड्याला चाळावीत. हरकत टीएम-ओ फॉर्मवर ऑनलाइन भरायची. फी एका वर्गाला 2,700 रुपये. मुख्य मुद्दा एकच ठेवा: आमचा वापर आधीचा आहे आणि या नावामुळे गिऱ्हाईक फसेल. 'मसाला' या शब्दावर हक्क सांगत बसू नका, तो सगळ्यांचा आहे.

नोटीस मिळाल्यावर अर्जदाराने दोन महिन्यांत उत्तर दिलं नाही, तर त्याचा अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. उत्तर आलं, तर ते आपल्या हाती पडल्यापासून दोन महिन्यांत प्रतिज्ञापत्रावर पुरावा द्यायचा, किंवा नोटिशीतल्या मजकुरावरच भिस्त आहे असं लेखी कळवायचं. बरेच छोटे व्यावसायिक इथेच हरतात. रजिस्ट्रीचा ईमेल एजंटकडे पडून राहतो, मुदत टळते आणि हरकतच निकालात निघते. म्हणून स्वतःचा ईमेलही द्या आणि अर्जाची स्थिती साइटवर वरचेवर पाहा.

पुराव्याची दुसरी अडचण बिलांची. बिलावर नुसतं 'कांदा-लसूण मसाला 200 ग्रॅम' लिहिलेलं असतं, ब्रँडचं नावच नसतं. असं बिल विक्री दाखवतं, नावाचा वापर नाही. त्यासाठी पाकिटं छापणाऱ्याचं 2014 चं बिल, त्या वेळचं लेबल, जुन्या जाहिराती जोडा. दरवर्षीची दोन-चार बिलं असली तरी चालतील, पण मधली वर्षं रिकामी नकोत. सोबत आपलाही नोंदणी अर्ज, 2014 पासूनच्या वापराचं प्रतिज्ञापत्र लावून, लगेच टाका. छोट्या उद्योगाला त्याची ऑनलाइन फी वर्गाला 4,500 रुपये आहे.

चार महिने हुकले आणि समोरच्याची नोंदणी झाली, तर कलम 57 खाली ती रद्द करण्याचा अर्ज, म्हणजे रेक्टिफिकेशन, उरतं. फॉर्म टीएम-ओच, पण इथे नोंदणीमुळे आपलं नुकसान होतंय हे दाखवावं लागतं. 2021 मध्ये अपील मंडळ बरखास्त झाल्यापासून असा अर्ज रजिस्ट्रारकडे किंवा उच्च न्यायालयात जातो. समोरच्याने नोंदणीनंतर सलग पाच वर्षं नाव वापरलंच नसेल, तर कलम 47 खाली तेही कारण चालतं. मात्र अर्जाआधीचे शेवटचे तीन महिने त्यात धरत नाहीत. निकाल लागेपर्यंत आपली विक्री थांबवायची गरज नाही. समोरच्याचा वापर आणि त्याची नोंदणी या दोन्हींच्या आधीपासून आपण नाव सलग वापरत असू, तर कलम 34 तो वापर राखून ठेवतं.