मूव्हिंग अ‍ॅव्हरेजचं बॅकटेस्ट करताना या चुका टाळा

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी मला बॅकटेस्टचा ग्राफ पाठवतं, डावीकडून उजवीकडे सरळ चढत गेलेला, आणि विचारतं दादा यात पैसे टाकू का. स्ट्रॅटेजी जवळपास तीच असते, शेअर २० दिवसांच्या सरासरीच्या वर बंद झाला की घ्यायचा, खाली बंद झाला की विकायचा. मी ग्राफ बघत नाही, आधी कोड मागतो, आणि बहुतेक वेळा चूक एकाच ओळीत सापडते.

ती म्हणजे आजच्या क्लोजवरून काढलेल्या सिग्नलला आजचाच नफा देणं. समजा सरासरी २०० ला आहे, शेअर काल १९८ ला बंद झाला, आज २०३ ला उघडला आणि २०६ ला बंद झाला. सरासरीच्या वर बंद झाला हे आपल्याला कळतं बाजार संपल्यावर, म्हणजे घ्यायचा तर उद्या सकाळी, समजा २०७ ला. पण कोड धरून चालतो की तुम्ही कालच १९८ ला घेऊन ठेवलाय, आणि ८ रुपये नफा लिहून मोकळा होतो. विकतानाही तेच, ज्या दिवशी शेअर धाडकन सरासरीखाली जातो त्या दिवसाचा तोटा कोड मोजतच नाही.

मी स्वतः हे केलंय, आणि खरे पैसे लावून. तीन महिने खातं खाली जात राहिलं आणि मी बाजाराला दोष देत राहिलो, शेवटी एका रविवारी ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोट आणि बॅकटेस्टची ट्रेड लिस्ट शेजारी ठेवून एकेक भाव ताडून बघितला तेव्हा दिसलं की कोडमधली प्रत्येक एन्ट्री माझ्या सिग्नलच्या आदल्या दिवशीच्या क्लोजला होती. तेव्हापासून मी हे असं लिहितो:

```python
df['sma'] = df['Close'].rolling(20).mean()
df['sig'] = (df['Close'] > df['sma']).astype(int)
df['ret'] = df['Open'].pct_change()
df['pnl'] = df['sig'].shift(2) * df['ret']
```

`shift(2)` बघून गोंधळ होतो. आज संध्याकाळी सिग्नल, उद्याच्या ओपनला खरेदी, आणि ओपन ते ओपन असा पहिला नफा परवाच्या ओळीत येतो, म्हणून दोन. क्लोज ते क्लोज मोजलंत तर `shift(1)` चालतं, पण मग तुम्ही सिग्नलच्याच दिवशी क्लोजच्या भावाला घेतलं असं धरताय, ते मला पटत नाही.

शंका असेल तर अजून एक दिवस उशीर घालून बघा. २० दिवसांची सरासरी वापरणारी संथ स्ट्रॅटेजी एका दिवसाने थोडी बिघडेल, कोसळली तर कोड भविष्य बघतोय समजा. दुसरी माझी सवय, डेटा मधेच एका तारखेला कापून सिग्नल परत काढायचे आणि पूर्ण डेटावरच्या सिग्नलशी जुळवायचे. जुन्या तारखेचा एकही सिग्नल बदलला तर कुठेतरी `center=True` किंवा `bfill` बसलेलं असतं. झिगझॅगसारखे इंडिकेटर इथेच पकडले जातात, कारण ते शेवटचं टोक नंतर हलवतात.

दुसरी मोठी चूक, दोन सरासऱ्यांच्या क्रॉसओव्हरमध्ये सगळे आकडे फिरवून सगळ्यात भारी जोडी उचलणं. ५ ते ५० आणि ५१ ते २०० च्या सगळ्या सरासऱ्या एकमेकींशी लावल्या की ६,९०० जोड्या होतात, त्यातली एखादी निव्वळ योगायोगाने चमकणारच. १३ आणि ५७ जबरदस्त पण १२ आणि ५५ तोट्यात, असं दिसलं की मी ती जोडी सोडून देतो. आजूबाजूच्या सगळ्या जोड्या बऱ्यापैकी चालत असतील तर त्या पट्ट्याच्या मधली घ्यायची, सगळ्यात उंच नाही. मग सगळ्यात मोठे दोन ट्रेड काढून बेरीज परत करायची, बऱ्याचदा पूर्ण नफा २०२० च्या मार्चनंतरच्या एका उसळीचाच निघतो.

आणि डेटाची शेवटची काही वर्षं शेवटच्या तपासणीसाठी बाजूला ठेवायची ती खरंच बाजूला. तिथे स्ट्रॅटेजी नापास झाली म्हणून नियम बदलून परत तिथेच तपासलं की ती वर्षंही वापरली गेली, आता नवीन डेटा साठेपर्यंत थांबणं हाच उपाय आहे आणि नवशिक्यांना नेमकं तेच नको असतं.

बाकीच्या पटकन सांगतो. आजच्या निफ्टी ५० ची यादी घेऊन २०१० पासून टेस्ट करू नका, येस बँक मार्च २०२० मध्ये यादीबाहेर गेली, ती तुमच्या टेस्टमध्ये येणारच नाही. एकाच कँडलमध्ये स्टॉपलॉस आणि टार्गेट दोन्ही लागले तर स्टॉपलॉस आधी लागला धरा. डिलिव्हरीत घेताना ०.१ टक्का आणि विकताना ०.१ टक्का एसटीटी जातो, बाकी चार्जेस आणि स्लिपेज वेगळं. मी एका फेरीला अर्धा टक्का धरतो, आणि वरच्या २० दिवसांच्या स्ट्रॅटेजीत शेअर सरासरीभोवती घुटमळत असताना अशा फेऱ्या भरपूर होतात, म्हणून खर्च धरल्याशिवाय मला ग्राफ पाठवू नका.