छतावरच्या सोलरचे वर्षाचे युनिट काढताना या चुका टाळा

सगळ्यात पहिली गडबड गच्चीच्या मापातच होते. 40 बाय 30 फुटाची गच्ची, म्हणजे 1200 चौरस फूट, 1 किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट धरायचे म्हणून 12 किलोवॅट बसणार, असं लोक सरळ लिहून मोकळे होतात. पण त्या 100 फुटांचा अर्थ सावली न पडणारे 100 फूट असा आहे आणि तेवढी जागा गच्चीवर क्वचितच असते.

हीच गच्ची घेऊ. 40 फुटाची बाजू पूर्व-पश्चिम, ठिकाण 19 अंश उत्तर अक्षांशावर, आणि नैऋत्य कोपऱ्यात 10 बाय 10 ची, 10 फूट उंच जिन्याची खोली. सावली बघायची ती डिसेंबरच्या 21-22 तारखेला, कारण तेव्हा सूर्य सगळ्यात खाली असतो. त्या दिवशी सूर्य डोक्यावर यायच्या तीन तास आधी किंवा नंतर तो क्षितिजापासून 29 अंशाच्या आसपास असतो, म्हणजे सावली उंचीच्या 1.8 पट. आपल्या खोलीची दुपारची सावली ईशान्येकडे 18 फूट जाते, उत्तरेला 12 आणि पूर्वेला 13 फूट. बरं, वर 3 फुटाचा कठडा आहेच, त्याचीही सावली कडेची 4 फूट खाते. हे सगळं कागदावर रंगवलं की पूर्वेचा पट्टा आणि उत्तरेचा छोटा तुकडा उरतो, दोन्ही मिळून 490 च्या आसपास, पुढे पॅनल धुवायला चालायची वाट सोडली की 400. म्हणजे 4 किलोवॅट, 12 नाही. (गच्चीवर दुपारी एकदा फेरी मारून "इथे सावली नाही" म्हणणाऱ्यांनी ती फेरी मे महिन्यात मारलेली असते, तेव्हा सूर्य जवळपास डोक्यावर असतो.)

आणि थोडीशी सावली चालते हो, हे ऐकून घेऊ नका. पॅनलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात, साधारण तीन गटांत, प्रत्येक गटाला एक बायपास डायोड, जो सावलीत अडकलेला गट वगळून वीज पुढे नेतो. टाकीच्या पाइपची बारीक सावली एखाद्या सेलवर नीट पडली तर तो अख्खा गट बाजूला पडू शकतो, म्हणजे सावली हातभर आणि तोटा पॅनलच्या तिसऱ्या हिश्श्याचा.

दुसरी चूक उन्हाच्या तासांची. दिवस बारा तासांचा म्हणून 12 ने गुणायचं नसतं, कारण पॅनलचा किलोवॅट म्हणजे प्रति चौरस मीटर 1000 वॅट ऊन मिळाल्यावरची ताकद आणि सकाळ-संध्याकाळचं ऊन त्याच्या बरंच खाली असतं. त्यामुळे दिवसभरात प्रति चौरस मीटर किती युनिट ऊन पडतं तो आकडा घ्यायचा. समजा तुमच्या ठिकाणी वर्षाची सरासरी 5.2 आहे, तर हिशोब असा:

```
4 × 5.2 × 365 × 0.77 = सुमारे 5850 युनिट
```

0.77 म्हणजे उष्णता, धूळ, वायर आणि इन्व्हर्टर यात जाणारं वजा करून उरलेलं. याऐवजी 12 किलोवॅट धरून 0.77 विसरलात तर 22,700 च्या वर आकडा येतो, जवळपास चौपट.

इथेच अजून एक उलटी चूक होते. ग्लोबल सोलर अ‍ॅटलास या वेबसाइटवर GHI दिसतो, तो आडव्या जमिनीवरचं ऊन, आणि PVOUT दिसतो, तो एका किलोवॅटमागे मिळणारे युनिट. PVOUT मध्ये उष्णता-वायरचा तोटा आधीच वजा झालेला असतो, मग त्यालाही 0.77 ने गुणलं की तोटा दोनदा कापला जातो. मात्र तुमच्या टाकीची आणि शेजारच्या इमारतीची सावली त्यात नसते, ती तुम्हालाच बघायला लागते.

प्लांट लागल्यावर आकडा जुळत नसेल तर आधी वर्षाला 12 ने भागणं थांबवा, पावसाळी महिना आणि कोरडा, स्वच्छ उन्हाचा महिना यात खूप फरक असतो, त्या-त्या महिन्याच्या उन्हाशी तुलना करा. तरीही कमीच असेल तर स्वच्छ उन्हाच्या दिवशीचा इन्व्हर्टरचा ग्राफ उघडा. रोज ठराविक वेळेला खाच पडत असेल तर सावली. पूर्ण दिवसभर ग्राफचा घुमट बुटका दिसत असेल तर बहुतेक धूळ, किंवा एखादी स्ट्रिंग, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या पॅनलची माळ, बंद आहे, मग पॅनल धुऊन दुसऱ्या दिवशी परत बघा, फरक नाही पडला तर इन्स्टॉलरला प्रत्येक स्ट्रिंगचा करंट मोजायला लावा. आणि दुपारी डोकं सपाट कापल्यासारखं दिसलं तर पॅनलच्या मानाने इन्व्हर्टर छोटा आहे, तिथे धुऊन काही होणार नाही.