तिसवाडीत सिग्निफिकंट, बार्देशात नाही: मग फरक कुठे आहे?

कृषी विषयात एमएस्सी करणारी मुलं प्रबंधाचा डेटा घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा विश्लेषण बहुतेक वेळा झालेलं असतं. तक्ता तयार असतो, पी-व्हॅल्यू 0.05 च्या खाली असलेल्या आकड्यांवर तारे असतात, आणि जिथे तारा नाही तिथे ‘NS’, म्हणजे नॉट सिग्निफिकंट. त्यांना हवा असतो तो फक्त निष्कर्षाच्या वाक्यावर माझा होकार. नेमकं तिथेच मी अडतो, कारण गणित बरोबर असूनही वाक्य चुकीचं असू शकतं.

गोव्यातल्या डिचोलीच्या एका विद्यार्थिनीचं काम उदाहरणाला घेतो. खाजन शेतीतल्या खारट जमिनीत पारंपरिक कोरगुट भाताशेजारी तिने एक सुधारित वाण लावलं होतं. एक शेत तिसवाडी तालुक्यात, दुसरं बार्देश तालुक्यात. खालचे आकडे तिचे नाहीत, हिशेब सोपा व्हावा म्हणून मी बनवलेले आहेत. गुंता मात्र तोच आहे.

समजा, तिसवाडीत सुधारित वाणाने हेक्टरी 400 किलो जास्त उत्पादन दिलं, स्टँडर्ड एरर 160 किलो. 400 भागिले 160 म्हणजे 2.5, पी-व्हॅल्यू साधारण 0.012. बार्देशात वाढ 220 किलो, स्टँडर्ड एरर 170, भागाकार 1.29, पी-व्हॅल्यू सुमारे 0.20. (प्लॉट थोडे असले की टी-तक्ता वापरावा लागतो आणि पी थोडी वाढते, इथे ते बाजूला ठेवलं आहे.) तिचं वाक्य होतं: ‘सुधारित वाण तिसवाडीत परिणामकारक ठरले, बार्देशात परिणामकारक ठरले नाही.’

आधी 0.012 काय सांगते ते पाहू. दोन वाणांत खरोखर काहीच फरक नसता आणि प्रयोगाची मांडणी नीट असती, तर केवळ मातीच्या आणि प्लॉटच्या कमीजास्तपणामुळे एवढा किंवा याहून मोठा फरक, कुठल्याही बाजूने, हजारात 12 वेळा दिसला असता. एवढंच. ‘वाण चांगलं असण्याची शक्यता 98.8 टक्के’ असा तिचा अर्थ नाही. फरक नाही असं धरूनच ती काढलेली आहे, त्यामुळे तेच गृहीतक खरं असण्याची शक्यता किती, हे ती सांगू शकत नाही. फरक 400 किलोच आहे असंही ती सांगत नाही. त्यासाठी 95 टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल बघायचा: 86 ते 714 किलो. खालच्या टोकाला शेतकऱ्याचा बियाण्याचा खर्चही निघेल की नाही हा प्रश्न आहे, वरच्या टोकाला तो पुढच्या वर्षी सगळं शेत बदलेल. तारा दोघांनाही सारखाच.

आता बार्देश. तिथला इंटरव्हल उणे 113 ते 553 किलो. त्यात शून्य आहे म्हणून NS. पण त्यात 400 सुद्धा आहे! म्हणजे तिसवाडीइतकाच फायदा बार्देशात होत असेल, ही गोष्ट या डेटाने अजिबात नाकारलेली नाही. NS म्हणजे ‘परिणाम नाही’ नव्हे; ‘शून्यापासून वेगळं करता आलं नाही’ एवढंच.

आणि तिच्या वाक्यात तर दोन तालुक्यांची तुलना आहे. ती तुलना तिने केलीच नव्हती. तिने तिसवाडीची तुलना शून्याशी केली, बार्देशची शून्याशी केली, आणि दोन निकाल शेजारी ठेवून तिसराच निष्कर्ष काढला. तुलना थेट करून पाहा. दोन वाढींतला फरक 400 वजा 220, म्हणजे 180 किलो. त्याचा स्टँडर्ड एरर म्हणजे 160 चा वर्ग अधिक 170 चा वर्ग, त्याचं वर्गमूळ: सुमारे 233. भागाकार 0.77, पी-व्हॅल्यू 0.44. दोन ठिकाणी वाण वेगळं वागलं याला जवळजवळ काहीच पुरावा नाही.

हे ऐकून मुलं म्हणतात, ‘पण सर, एकीकडे आलं, एकीकडे नाही, हा योगायोग कसा?’ त्यांना मी उलटा हिशेब करायला लावतो. समजा खरी वाढ दोन्हीकडे अगदी सारखी, 400 किलो, आणि स्टँडर्ड एरर दोन्हीकडे 160. अशा एका प्रयोगात पी 0.05 च्या खाली येण्याची शक्यता सुमारे 70 टक्के. मग एकीकडे सिग्निफिकंट आणि दुसरीकडे नाही, असं होण्याची शक्यता 2 गुणिले 0.7 गुणिले 0.3, म्हणजे 42 टक्के. तसूभरही फरक नसलेल्या दोन शेतांत शंभरातून 42 वेळा असाच तक्ता हाती येईल, आणि मग त्यावर कुणीतरी मानशीच्या दारांची देखभाल, बांधाची उंची, खाऱ्या पाण्याची ओढ अशी कारणमीमांसा लिहील. मी असे परिच्छेद वाचले आहेत. वाचायला छान असतात.

गंमत पुढे आहे. दोन्ही ठिकाणचे अंदाज त्यांच्या अचूकतेनुसार वजन देऊन एकत्र केले, तर वाढ सुमारे 315 किलो, स्टँडर्ड एरर 117, पी-व्हॅल्यू 0.007. जे बार्देश ‘अपयश’ म्हणून नोंदलं गेलं, त्यानेच पुरावा बळकट केला. अर्थात वाढीचा अंदाज मात्र 400 वरून खाली आला, आणि हेही सांगायला हवं.

आर मध्ये काम करत असाल तर दोन शेतांचा डेटा वेगवेगळा चालवू नका. एकाच फाइलमध्ये ठेवा आणि असं लिहा:

```
m <- lm(yield ~ variety * site + site:block, data = d)
anova(m)
confint(m)
```

`block` ला आकडे दिले असतील तर आधी `factor()` करून घ्या, नाहीतर आर त्याला मोजमाप समजेल. `anova` मधली `variety:site` ही ओळ ‘वाणाचा परिणाम जागेनुसार बदलतो का’ या प्रश्नाची. तिसवाडी-बार्देश हे वाक्य लिहायचं असेल तर त्याचा आधार तीच ओळ. मात्र त्या ओळीतली पी-व्हॅल्यू मोठी आली म्हणजे दोन्ही जागा सारख्या सिद्ध झाल्या, असंही समजू नका. आपल्या उदाहरणात त्या 180 किलोंचा इंटरव्हल साधारण उणे 278 ते 638 आहे. एवढ्या रुंदीत पुष्कळ काही लपू शकतं.

0.05 ची रेघ आली कुठून, हेही मुलं विचारतात. रोनाल्ड फिशर यांनी 1925 च्या पुस्तकात 20 पैकी 1 ही मर्यादा सोयीची म्हणून घेतली. तेव्हा ते रॉथमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रातच काम करत होते. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2016 मध्ये स्वतंत्र निवेदन काढून सांगितलं की पी ठरावीक रेघेखाली आली की नाही, एवढ्यावरच वैज्ञानिक निष्कर्ष बेतू नयेत. मार्गदर्शक तारे काढू देत नसतील तर राहू द्या, वाद घालण्यात वर्ष जातं. शेजारी इंटरव्हलचा एक स्तंभ वाढवा. त्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

एक मर्यादा मात्र कुठलीच पी-व्हॅल्यू भरून काढत नाही. प्रत्येक तालुक्यात एकच शेत होतं, आणि हंगामही एकच. त्यामुळे तो ‘तिसवाडी’चा निकाल नव्हताच, एका शेताचा, एका पावसाळ्याचा होता. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी बार्देशातल्या NS वर बोट ठेवलं, तेव्हा तिने दोन्ही इंटरव्हल दाखवले आणि तालुक्याबद्दल बोलायचं तर प्रत्येक तालुक्यात आणखी शेतं लागतील, असं सांगितलं. पुढचा प्रश्न जमिनीच्या क्षारतेवर आला.