बँकेतला आकडा म्हणजे तुमचे पैसे नव्हेत: गुंतवणूकदारांच्या पत्रातल्या या चुका टाळा

गेली काही वर्षं मी नागपुरातल्या फाउंडर पोरांचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘अपडेट’ घेऊन त्यांची गुंतवणूकदारांसाठी नीट मासिक पत्रं करून देतो. चुका मात्र दर वेळी त्याच.

कळमन्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांना तापमानाचे सेन्सर भाड्याने देणाऱ्या एका पोराचा मेसेज होता: ‘18 लाखांचा सेल, 42 लाख बँकेत, 7 महिन्यांचा रनवे, मस्त चाललंय!’ रनवे म्हणजे हातातले पैसे किती महिने पुरतील ते. मी तेच जरा सभ्य भाषेत लिहून पाठवलं. पुढच्या महिन्यात गुंतवणूकदाराने बँक स्टेटमेंट मागितलं आणि आमची दोघांची बोलती बंद झाली.

18 लाखांतले 6.2 लाख नुसत्या ऑर्डरी होत्या, सेन्सर अजून लागलेही नव्हते. उरलेली 11.8 लाखांची बिलं 18 टक्के जीएसटी धरून होती. म्हणजे खरा महसूल 10 लाख. बँकेतल्या 42 लाखांतले 11 लाख ग्राहकांचं परत करायचं डिपॉझिट, आणि इनपुट क्रेडिट वजा जाऊन 1 लाख जीएसटीचा, जो 20 तारखेला जाणारच होता. हातात खरे उरले 30 लाख. महिन्याला जमेपेक्षा 6 लाख जास्त खर्च, म्हणजे रनवे 7 नाही, 5 महिने. पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याने मोबाइलवर बॅलन्स पाहिला आणि सहाने भागला, बस्स.

तेव्हापासून मी स्टेटमेंट आणि टॅलीचा लेजर समोर असल्याशिवाय एक ओळ लिहीत नाही. ‘भाऊ, आजच पाठवायचंय’ म्हणणाऱ्याला मी सरळ पुढच्या आठवड्यात बोलावतो. सुरुवातीला पाचच ओळी: महसूल, मिळालेली रोकड, निव्वळ खर्च, आपली स्वतःची शिल्लक, रनवे. शेजारी मागच्या महिन्याचे आकडे. महसुलाची व्याख्या एकदा ठरली की बदलायची नाही. बदललीच तर जुने आकडेही नव्या व्याख्येने पुन्हा काढायचे.

वाईट बातमी शेवटच्या परिच्छेदात दडवू नका, ती आकड्यांच्या लगेच खाली येऊ द्या. ‘थोडी आव्हानं आहेत’ या वाक्याची मला चीड आहे. त्या पत्रात मग आम्ही लिहिलं: ‘40 टक्के महसूल एकाच ग्राहकाकडून येतो, त्याचा करार मार्चमध्ये संपतो, नूतनीकरणाचं बोलणं अजून सुरू झालेलं नाही.’

सुंदर डिझाइनची पीडीएफ नको, साधा ईमेल बरा.

मागणीचंही तेच. ‘कुणी ओळखीचं असेल तर सांगा’ वाचून कुणी फोन उचलत नाही. ‘नाशिकच्या द्राक्ष निर्यातदारांपैकी दोघांची ओळख 15 तारखेपर्यंत हवी, पुढे पाठवायचा मजकूर खाली दिलाय’ असं लिहिलं, तेव्हा दुसऱ्याच दिवशी एकाचा फोन आला. त्याने पहिला प्रश्न विचारला तो डिपॉझिटचाच.