ग्राहकांच्या मोबाइलवरचे अभिप्राय एका व्हिडिओत जोडताना: या चुका टाळा

सोलापुरातल्या चादरी-टॉवेलच्या व्यापाऱ्यांसाठी मी ग्राहकांच्या अभिप्रायांचे व्हिडिओ जोडून देतो. दहा-पंधरा ग्राहकांनी आपापल्या मोबाइलवर बोललेले तुकडे एका माळेत ओवायचे, इतकेच हे काम दिसते. बहुतेक माळा मात्र ओवण्याआधीच, तुकडे गोळा करताना बिघडतात, आणि त्यासाठी संपादकाकडे पुढे कोणताही रामबाण उपाय उरत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून आलेली फाइलच मूळ समजून वापरणे. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करते. १०८० रेषांचे चित्रण साधारण ४८० रेषांवर येते आणि एचडी पर्याय निवडला तरी ७२० च्या आसपासच राहते. मोबाइलच्या पडद्यावर ते चांगले दिसते, म्हणून कोणालाच शंका येत नाही. दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर लावल्यावर मात्र दाढीचे केस, टॉवेलची वीण आणि डोळ्यांच्या कडा एकमेकांत मिसळून गेलेल्या दिसतात.

चाटी गल्लीतल्या एका व्यापाऱ्याचे काम करताना मी सुरुवातीलाच बजावले होते, की प्रत्येक व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सोळा व्हिडिओ आले आणि सगळे डॉक्युमेंट म्हणूनच आले. तरीही चित्र धूसर होते. फाइलींची नावे पाहिली, तेव्हा बहुतेकांचा साचा `VID-20240312-WA0007.mp4` असा होता. नावातले `WA` हीच खूण. ग्राहकांनी व्हिडिओ नेहमीसारखे व्यापाऱ्याच्या पुतण्याला पाठवले होते आणि पुतण्याने ते आपल्या मोबाइलवरून मला डॉक्युमेंट करून पाठवले. दाबले गेलेले चित्र डॉक्युमेंट केल्याने परत फुलत नाही. “दादा, मी तर तुम्ही सांगितलं तसंच पाठवलं,” असे तो म्हणाला आणि ते खरेच होते. सांगायला मी कमी पडलो होतो. सोळांपैकी अकरा ग्राहकांकडे मूळ व्हिडिओ अजून होते, ते आम्ही पुन्हा मागवले. उरलेल्या पाच जणांनी जागा मोकळी करण्यासाठी मूळ व्हिडिओ काढून टाकले होते.

तेव्हापासून मी नेम ठेवला आहे. ज्याने चित्रण केले, त्याच मोबाइलच्या गॅलरीतून, थेट माझ्याकडे, डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हच्या लिंकने व्हिडिओ यायला हवा. फाइल आल्याबरोबर मी तिचे वजन पाहतो. १०८० चे एक मिनिटाचे मूळ चित्रण साधारण ६० ते १३० एमबीचे असते, त्यामुळे मिनिटाभराची फाइल आठ-दहा एमबीची निघाली तर मी त्याच दिवशी फोन करतो, कारण आठवड्याने मूळ व्हिडिओ हाती लागेलच याची खात्री नसते. त्या पाच जणांचे चित्र मी पूर्ण पडद्यावर ताणले नाही. चादरीच्या काठाच्या रंगाची पार्श्वभूमी घेऊन त्यावर निम्म्या आकाराची चौकट बसवली आणि मग बाकीच्या सगळ्यांनाही तीच चौकट दिली. लहान आकारात धूसरपणा झाकला गेला आणि सोळाही तुकडे एका घरचे वाटू लागले. उभे आणि आडवे व्हिडिओ एकत्र आले, तरीही मी हीच चौकट वापरतो. दोन्ही बाजूंना त्याच चित्राची अस्पष्ट प्रत पसरण्याची पद्धत मला अजिबात पसंत नाही, कारण तिच्यामुळे प्रत्येक तुकड्यामागचा रंग बदलत राहतो.

दुसरी चूक रंगांची आहे आणि ती उतावळेपणातून होते. सगळ्या तुकड्यांवर एकच फिल्टर टाकला की ते सारखे दिसतील, असे नवशिक्यांना वाटते. एक ग्राहक ट्यूबलाइटखाली हिरवट दिसतो, दुसरा दुपारी दाराच्या सावलीत निळसर दिसतो आणि तिसरा संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली बसलेला असतो. तिघांवर एकच फिल्टर टाकल्यास तिघांमधला फरक आहे तसाच राहतो, फक्त सगळे मिळून थोडे नारिंगी होतात. आधी प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे सुधारावा लागतो. मी मध्यम उजेडाचा एक तुकडा नमुना म्हणून धरतो. दुसऱ्या तुकड्याचा उजेड त्याच्याशी जुळवतो, मग पांढरा रंग पांढरा करतो आणि रंगांच्या गडदपणाला शेवटी हात लावतो. हा क्रम उलटा केला, तर उजेड बदलताच जुळवलेला रंग पुन्हा हलतो.

पांढऱ्यासाठी भिंतीवर विश्वास ठेवू नये, कारण आपल्याकडच्या भिंती बहुधा पिवळसर असतात. टॉवेलच्या कामात मी प्रत्येक ग्राहकाला सुरुवातीचे दोन सेकंद पांढरा टॉवेल छातीशी धरायला सांगतो. नव्या पांढऱ्या कापडाला उन्हात किंचित निळी झाक येते, म्हणून टॉवेलवर रंग जुळवल्यानंतर अखेरचा निर्णय मी चेहऱ्यावरूनच घेतो. संपादनाच्या सॉफ्टवेअरमधील व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंगाची छटा दाखवणाऱ्या गोल आलेखावर, गोऱ्या आणि सावळ्या, सर्व माणसांच्या त्वचेचा रंग जवळजवळ एकाच रेषेवर येतो. जुळवायची ती ही रेषा, चेहऱ्याचा उजळपणा नव्हे. सारखेपणाच्या नावाखाली सगळ्यांना गोरे करून ठेवलेले व्हिडिओ मी पाहिले आहेत. अक्कलकोट रस्त्यावर उन्हात माल उतरवणाऱ्या माणसाचा चेहरा असा धुऊन काढणे हा त्याचा अपमान आहे, आणि घरच्या माणसांना तो ओळखूही येत नाही.

आयफोनवरून आलेला एखादाच तुकडा डोळे दिपतील इतका भडक किंवा फिकट दिसत असेल, तर तो बहुधा एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणाऱ्या पद्धतीत, चित्रित झालेला असतो. त्याचे रूपांतर आधी साध्या रंगपद्धतीत करावे, नंतरच बाकीचे जुळवावे. चेहरा गुळगुळीत करणारा ब्युटी मोड मात्र ग्राहकाने चित्रणाआधीच बंद करायला हवा, कारण पुसलेली त्वचा पुढे कोणालाच परत आणता येत नाही.

आवाजाच्या बाबतीत सोलापुरात यंत्रमागाची खटखट चुकत नाही. ती पुसण्यासाठी नॉइज रिडक्शन पूर्ण ताणले, की माणूस डब्यात बसून बोलल्यासारखा ऐकू येतो. ग्राहकाला शक्यतो चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये, गोदामात बसवावे आणि मोबाइल हातभर अंतरावर ठेवावा. कापड घुमणारा आवाज शोषून घेते. तरीही काही तुकड्यांत माग ऐकू येतोच. मग मी त्याच कारखान्यात मागांचा मिनिटभराचा आवाज वेगळा रेकॉर्ड करतो आणि अगदी हळू करून सगळ्या व्हिडिओखाली सलग पसरतो. त्यामुळे एका तुकड्यातला आवाज तुटून दुसऱ्यात शांतता येत नाही. शेवटी प्रत्येकाचे बोलणे एलयूएफएस या आवाजाच्या मोठेपणाच्या मापावर −१४ च्या आसपास आणतो, म्हणजे टीव्हीचा आवाज सारखा कमी-जास्त करावा लागत नाही.

मोबाइलची फ्रेमगती चित्रण चालू असताना कमी-जास्त होत राहते. मिनिटभराच्या तुकड्यात ते सहसा जाणवत नाही, पण एखादे काका पाच-सहा मिनिटे बोलले असतील, तर सुरुवातीला जुळलेले ओठ शेवटी आवाजाच्या मागे-पुढे पडू शकतात. असा तुकडा संपादनात घेण्याआधी मी ffmpeg या मोफत प्रोग्रामच्या आज्ञेने त्याची गती सेकंदाला ३० फ्रेमवर स्थिर करून घेतो:

```
ffmpeg -i kaka.mp4 -vf fps=30 -af aresample=async=1 -c:v libx264 -crf 18 -c:a aac kaka30.mp4
```

कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या ग्राहकाला मराठी बोलण्याचा आग्रह करू नये, खाली उपशीर्षके द्यावीत. तयार व्हिडिओ व्यापाऱ्यालाही डॉक्युमेंट म्हणूनच द्यावा, आणि दुकानातल्या टीव्हीसाठीची प्रत पेनड्राइव्हवर स्वतः नेऊन द्यावी.